मारत नाही, पीत नाही, मग तुला काय कमी आहे?

हा प्रश्न आपल्या वस्तीत बाईला आईही विचारते, नणंदही विचारते आणि महिला मंडळातली मैत्रीणही विचारते. विचारणारीच्या मनात वाईट काही नसते. तिने शेजारच्या खोलीतला आरडाओरडा ऐकलेला असतो, डोळ्याखाली काळेनिळे घेऊन नळावर आलेली बाई पाहिलेली असते. त्या दुःखापुढे हिचे दुःख तिला दुःखच वाटत नाही. आणि वर्षानुवर्षे हे ऐकून हिलाही आपल्या दुःखाची लाज वाटू लागते. मग ती बोलणेच सोडते आणि डोकेदुखी, कंबरदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येते.

मी बरीच वर्षे वस्त्यांमध्ये आरोग्य समुपदेशनाचे काम करते आहे. मारहाणीच्या घरात काय करायचे हे आता बहुतेक जणींना माहीत झाले आहे. पोलीस, संरक्षण अधिकारी, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, एवढे तरी कानावर पडलेले असते. पण जिथे हिंसा नाही, दारू नाही, बाहेरची बाई नाही आणि तरीही पंधरा-वीस वर्षे दोन माणसे एकाच खोलीत भाड्याने राहणाऱ्यांसारखी राहतात, तिथे काय करायचे हे कुणी सांगत नाही. हे फक्त बायकांचेच नाही. पुरुषही असेच जगतात, पण ते समुपदेशनाला येत नाहीत, नाक्यावर उभे राहतात. मी इथे बाईच्या बाजूने लिहिते आहे, कारण घर सोडायची वेळ आली तर रस्त्यावर तीच येते.

माझे मत आधीच सांगून टाकते. असा संसार सोडायचा की नाही हे ठरवण्याचा प्रत्येक रस्ता नवऱ्याशी बोलण्यातूनच जातो. हे मी प्रेमाबिमासाठी म्हणत नाही. कायदा, घर आणि पैसा या तिन्ही गोष्टी तशाच आहेत म्हणून म्हणते. आणि बोलण्याआधी एक काम करायचे असते, ते म्हणजे ही पोकळी नक्की कुठे आहे ते पाहणे.

एका ताईंचे उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत. ताईंचे वय ४६, लग्नाला २४ वर्षे झालेली. नवरा महापालिकेत कायम सफाई कामगार, वय ५२. ताई तीन घरी स्वयंपाक करतात, महिन्याला १४ हजार मिळतात. मुंबईतल्या वस्तीत दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. मुलगी वीस वर्षांची, नर्सिंग शिकते. मुलगा सोळा वर्षांचा. नवरा पहाटे साडेपाचला कामावर जातो, दुपारी येतो, जेवतो, पोटमाळ्यावर जाऊन झोपतो, संध्याकाळी मित्रांत बसतो. पगारातले पैसे दर महिन्याला डब्यात ठेवतो. दोघांत भांडण नाही. रोजचे बोलणे म्हणजे गॅस संपला, लाइटबिल आले, मुलाची फी भरायची. ताई म्हणाल्या, "आठ वर्षांत ह्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही, मॅडम. दुखतंय का, असंही नाही."

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना लगेच घटस्फोट हवा होता. मी त्यांना आधी नवऱ्याबद्दल काहीच विचारले नाही. विचारले की विहारात जाता का, गाणी म्हणता का, भीमजयंतीच्या तयारीत असता का? त्या म्हणाल्या, पूर्वी असायचे, आता दोन वर्षे काहीच आवडत नाही. बहिणीकडे गेले तरी कधी परत येते असे होते. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण कडू लागते. कामावर एकदा पोळ्या करता करता रडू आले आणि कारण सापडेना.

नवऱ्यामुळे आलेली पोकळी घरात असते. घराबाहेर पडले, बहिणीत, कामावरच्या मैत्रिणींत, विहारात बसले की बाई हसते, बोलते, खाते. उंबरठा ओलांडून आत आली की पुन्हा विझते. आजाराची पोकळी मात्र सगळीकडे बरोबर येते. आवडीचे काहीच आवडत नाही, झोप आणि भूक बिघडते, अंगात जीव राहत नाही, आपण कुचकामी आहोत असे वाटते, आणि हे सलग दोन आठवड्यांहून जास्त चालते. याला डॉक्टर नैराश्य म्हणतात. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. या वयात थायरॉइड कमी झाला, रक्त कमी झाले किंवा पाळी जाण्याचा काळ सुरू झाला तरी बाई अशीच सुस्त आणि उदास होते. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची साधी रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

नैराश्यात असताना कोणताही मोठा निर्णय घेऊ नये असे मी आग्रहाने सांगते. त्या काळात डोळ्यांवर एक काळी काच असते. तिच्यातून नवराच नाही, मुलेही परकी दिसतात, पुढचे आयुष्यही रिकामे दिसते. अशा वेळी घर सोडलेल्या बाईला भाड्याच्या खोलीतही तीच पोकळी भेटते आणि सोबत एकटेपण येते. उलटही होते. "माझीच लायकी नाही" असे वाटून बाई जिथे राहू नये तिथे राहून जाते.

ताईंना महापालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवले. गोळी सुरू झाली. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला दीड-दोन महिने. "आठ दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणून अनेक जणी बंद करतात, ते करू नये. बरे वाटल्यावरही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. रुग्णालयात जाणे जमत नसेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा झाला असेल तर मात्र त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी ताई पुन्हा आल्या. चेहरा वेगळाच. झोप लागत होती, विहारात पुन्हा जाऊ लागल्या होत्या, मुलीबरोबर सिनेमाही पाहून आल्या होत्या. मला वाटले होते, आता घटस्फोटाचा विषय निघणार नाही. ताई म्हणाल्या, "आता सगळीकडे बरं वाटतं मॅडम, घर सोडून." म्हणजे आजार होता आणि तो बरा झाला, पण संसारातली पोकळी त्याच्या खाली वेगळी होतीच. काच निघाल्यावर ती आता स्वच्छ दिसली. असेही होते, आणि मग त्या बाईला पुन्हा "गोळ्या घे" म्हणणे हा अन्याय आहे.

आता नवऱ्याकडे वळू. आठ-दहा वर्षे पोटमाळ्यावर झोपणारा पुरुष बायकोला कंटाळला आहे असे सगळे धरून चालतात. मी नेहमी एक प्रश्न विचारते, त्यांची साखर कधी तपासली? मधुमेह बरीच वर्षे ताब्यात नसला की पुरुषाच्या नसा आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो आणि संबंधाच्या वेळी त्याला ताठरता येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असे होऊ शकते. आपला पुरुष हे कुणालाही सांगत नाही. तो लाजेने जवळ येणे टाळतो. जवळ आले तर पुढचे मागतील म्हणून हात लावणेही टाळतो, मग शेजारी बसणे आणि शेवटी बोलणेही टाळतो. बायकोला वाटते, मी नकोशी झाले. एका घरात हेच निघाले. साखर तीनशेच्या वर होती. गृहस्थ मला म्हणाले, "तिला काय तोंड दाखवू?" त्या घरात उपचार आणि दोन-तीनदा समोरासमोर बसणे एवढ्यावर बरेच काही परत आले. सगळे नाही, पण वेगळे होण्याचा विषय संपला. यंत्रावर किंवा सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येत असते. त्याचेही तसेच. "विचारलं तरी उत्तर देत नाहीत" यातली निम्मी उत्तरे कानापर्यंत पोहोचलेलीच नसतात.

ताईंच्या नवऱ्याची तपासणी केली. साखर थोडी वाढलेली होती, बाकी काही नाही. कानही ठीक. म्हणजे तिथे आजाराचे कारण सापडले नाही.

मग बोलण्याचे काम उरले. दहा बाय पंधराच्या खोलीत नवरा-बायको एकटे कधी असतात? मुले अभ्यास करतात, टीव्ही चालू, पत्र्यापलीकडे शेजारी. कितीतरी जोडपी लग्नानंतर कधीच एकटी बसून बोललेली नसतात, आणि मग आपल्याला बोलता येत नाही असा समज करून घेतात. म्हणून मी सांगते, घरात बोलूच नका. बाहेर जा. बागेत, समुद्रावर, नाहीतर मुलाची फी भरायला दोघे मिळून चालत जा. शेजारी शेजारी चालताना बोलणे सोपे जाते, कारण डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. सुरुवात "तुम्ही कधीच..." अशी करायची नाही, कारण त्यानंतर माणूस ऐकत नाही, हिशेब मांडतो. आपल्याबद्दलचे एकच वाक्य सांगायचे. ताईंनी सांगितले ते असे: "मी या घरात एकटी आहे. मी वेगळं राहायचा विचार करते आहे. पण ठरवण्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे."

ही दुसरी गोष्ट, की वेगळे व्हायचे मनात आहे, ती लपवू नये असे माझे मत आहे. अनेक बायका वर्षानुवर्षे सूचक बोलतात आणि मग एक दिवस बॅग भरतात. नवरा खरोखरच चकित होतो. त्याच्या लेखी सगळे ठीक चालले होते. त्याला कळल्याशिवाय त्याने प्रयत्न केला नाही असे म्हणता येत नाही. (घरात मार खाण्याची किंवा जिवाची भीती असेल तर हे लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, मग बोलणे.)

मग दोघांनी मुदत ठरवायची. तीन महिने पुरतात. आठवड्यातून एकदा घराबाहेर तासभर दोघेच. या काळात नवऱ्याने साडी आणली की फुले आणली हे पाहायचे नाही. दोन गोष्टी पाहायच्या. मागच्या आठवड्यात तुम्ही जे सांगितले ते त्याला आठवते का? आणि तो आपणहून काही विचारतो का? कामावरची बाई बरी झाली का, गुडघा कसा आहे, एवढे पुरते. विचारणे परत आले तर बाकीचे हळूहळू येऊ शकते. गोड बोलून होकार दिला आणि पुढच्या आठवड्यात काहीच आठवले नाही, असे तीन महिने चालले, तर ते उत्तर आहे.

तिसरी गोष्ट स्वतःकडे पाहायची, आणि ती अवघड आहे. नवरा खरेच प्रयत्न करू लागला तर तुम्हाला कसे वाटते? बरे वाटते की राग येतो? "आता कशाला, इतकी वर्षे कुठे होता" असा राग आला तर तो थोडे दिवस येऊ द्यावा, तो साहजिक आहे. पण महिने झाले तरी त्याचा प्रत्येक प्रयत्न नकोसाच वाटत असेल, त्याने प्रयत्न सोडला तर सुटल्यासारखे वाटत असेल, तर मन आधीच निघून गेलेले आहे. त्या वेळी दोष त्याच्यावर टाकत बसण्यापेक्षा ते कबूल केलेले बरे.

ताईंचा नवरा आठ-नऊ वेळा बरोबर गेला. ऐकले, मान हलवली. एकदा म्हणाला, "मला बोलायला काही सुचतच नाही. माझ्या बापालाही सुचत नव्हतं." ताईंना त्या माणसाची कीव आली, पण जीव जडला नाही. तीन महिने संपले तेव्हा दोघांनाही कळले होते.

इथे कायदा समजून घ्यावा लागतो, कारण याच ठिकाणी घरे जास्त उद्ध्वस्त होतात. आपले लग्न विहारात, बौद्ध पद्धतीने झाले असले तरी त्याला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. त्यात बौद्धांचा उल्लेख स्पष्ट आहे. कायदामंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या हिंदू कोड बिलात घटस्फोटाची तरतूद होती. ते बिल रखडवले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. चार वर्षांनी त्यातला विवाहाचा भाग वेगळा कायदा म्हणून आला. म्हणून घटस्फोट हा शब्द निघाला की "आपल्यात असं नसतं" म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की बाईला हा दरवाजा असावा यासाठी झगडणारा माणूस आपलाच होता.

पण या कायद्यात "संसारात काही उरले नाही" हे घटस्फोटाचे कारण नाही. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे सोडून जाणे अशी कारणे आहेत. पोकळीला रकाना नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पूर्ण तुटलेला विवाह आम्ही आमच्या विशेष अधिकारात संपवू शकतो. पण तो अधिकार फक्त त्या न्यायालयाचा आहे, आपल्या कुटुंब न्यायालयाचा नाही. रकाना नाही म्हणून काय होते? कुणीतरी सांगतो, छळाची केस टाका, नवरा वठणीवर येईल, सही देईल. पूर्वीचे ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचे ८५ वे कलम. ज्या माणसाने कधी हात उगारला नाही, त्याच्यावर हा आरोप लिहायचा, सासूचे नाव घालायचे, नणंदेचे घालायचे. मी याच्या ठाम विरोधात आहे. मुलांसमोर बापाला खोटा गुन्हेगार ठरवले जाते, नवरा उलट केस लढवतो, वर्षे जातात. शिवाय ज्या बाईला खरोखर मार बसतो तिच्या तक्रारीवरचा विश्वास अशा प्रत्येक खोट्या केसने कमी होतो.

दुसरी चूक म्हणजे न बोलता माहेरी निघून जाणे. सबळ कारणाशिवाय नवऱ्याबरोबर राहायला नकार दिला असे ठरले तर पोटगी अडू शकते, आणि दोन वर्षांनी "ही मला सोडून गेली" म्हणून नवराच घटस्फोट मागू शकतो. तिसरी चूक, स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी. वस्तीत ती सर्रास चालते. चार माणसे सह्या करतात आणि सगळे धरून चालतात की सुटले. तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. त्याच्या जोरावर दुसरे लग्न केले तर ते लग्न बेकायदा ठरते आणि त्या दुसऱ्या बाईचे व तिच्या मुलांचे हाल होतात.

मग सरळ रस्ता एकच उरतो, परस्परसंमतीचा. १९७६ मध्ये कायद्यात तो घातला गेला. दोघांनी एक वर्ष वेगळे राहिलेले असले पाहिजे. वेगळे म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणे. एका छताखाली राहूनही हे होऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. पहिल्या वेळी जबाब होतात, समुपदेशक बोलतात. त्यानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी हजर राहून तेच सांगायचे. आधीच बराच काळ वेगळे राहिलेले असतील आणि पोटगी, मुले हे सगळे मिटलेले असेल तर २०१७ च्या निकालानुसार न्यायालय हे सहा महिने माफ करू शकते. शेवटच्या हुकुमापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकते. यात कुणावर आरोप करावा लागत नाही. पण यासाठी नवऱ्याची सही लागते, आणि ती न बोलता मिळत नाही.

वकिलाची फी हा अडसर समजू नका. बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीच्या पुरुषालाही मिळतो. फोन १५१००.

ताईंना मी कोर्टात जाण्याआधी हिशेबाला बसवले. खोलीचा फोटोपास नवऱ्याच्या नावावर होता आणि वस्तीत झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना येऊ घातली होती. नियमानुसार पुनर्वसनातले नवे घर पती-पत्नी दोघांच्या संयुक्त मालकीचे असते. हे ताईंना माहीतच नव्हते. पण ते घर काही वर्षे विकता येत नाही, म्हणजे लगेच विकून वाटणी होणार नाही. पात्रता यादीत, म्हणजे परिशिष्ट-२ मध्ये, नाव कसे लागले आहे ते पाहिल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये. रेशनकार्ड, आधार, मतदार यादी, लग्नाचा दाखला यांच्या प्रती आपल्याकडे असाव्यात.

दुसरा मुद्दा पेन्शनचा. नवरा २००१ साली कायम झालेला, म्हणजे जुन्या पेन्शनचा. त्याच्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीला मिळते, घटस्फोटित पत्नीला नाही. सफाई कामगारांच्या घरात हा मोठा आधार असतो. ताई आज १४ हजार कमावतात, पण साठीनंतर तीन घरच्या पोळ्या लाटता येतील का? बहिणीच्या वस्तीत खोलीचे भाडे ७ हजार, अनामत ४० हजार. भाडे, रेशन आणि प्रवास धरला की महिन्याला हातात जेमतेम दीड हजार उरत होते आणि मुलीची फी त्यात नव्हती.

"म्हणजे पैशासाठी राहू का?" ताईंनी चिडून विचारले. नाही. पण राहणे आणि घटस्फोट यांच्यामध्येही एक जागा आहे, ती आपल्याकडे कुणी बोलून दाखवत नाही. घटस्फोट न घेता वेगळे राहणे. त्यात ती कायद्याने पत्नीच राहते, घरातला आणि पेन्शनमधला हक्क राहतो. दुसरे लग्न मात्र दोघांनाही करता येत नाही, म्हणून ज्यांना पुन्हा लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी हा रस्ता नाही. आणखी एक खाच आहे. दोघांच्या मर्जीने वेगळे राहणाऱ्या बायकोला फौजदारी कायद्यातल्या पोटगीच्या कलमाखाली, पूर्वीचे १२५ आणि आता १४४, पोटगी मागता येत नाही. म्हणून दर महिन्याची रक्कम आधी ठरवून, वकिलाकडून नीट लिहून घ्यावी. "पोटगीचा हक्क सोडला" हे वाक्य असलेल्या कागदावर घाईने सही करू नये.

ताईंनी आणि नवऱ्याने हेच केले. विधी सेवेच्या वकिलाने कागद केला. नवरा दर महिन्याला ६ हजार ताईंच्या खात्यात भरतो, मुलीची फी वेगळी देतो. परिशिष्टात दोघांची नावे लावण्याचा अर्ज दोघांनी मिळून दिला. मुलगा बापाकडे, कारण शाळा तिथे, मुलगी आईबरोबर. मुलांना दोघांनी एकत्र बसून सांगितले. मुलगी म्हणाली, "आम्हाला माहीतच होतं." मुलगा दोन आठवडे आईशी बोलला नाही, मग रविवारी जेवायला येऊ लागला. विहारात कुजबुज झाली. एका आजीने ताईंना सिगालोवाद सुत्तातली पत्नीची कर्तव्ये ऐकवली. ताईंनी त्यांना शांतपणे आठवण करून दिली, की त्याच सुत्तात पतीचीही पाच कर्तव्ये आहेत आणि मान देणे हे त्यातले पहिले. मुलीच्या लग्नात अडचण येईल असेही बरेच जण म्हणाले. मुलीला अजून लग्न करायचे नाही, नोकरी करायची आहे.

वर्ष पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत. झाले की संमतीने घटस्फोट मागण्याची अट आपोआप पुरी झालेली असेल. तेव्हा दोघांनी वकिलाकडे बसून ठरवायचे आहे, अर्ज करायचा, असेच राहायचे की परत एकत्र यायचे. मागच्या महिन्यात ताई गोळ्यांच्या तपासणीला आल्या होत्या, तेव्हा मी विचारले. म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही. गेल्या रविवारी मुलाला सोडायला ते स्वतः आले होते, दारात उभे राहून विचारत होते, इथं पाणी किती वाजता येतं.